गाय तिसऱ्यांदा उलटते तेव्हा : पशुवैद्यक आणि दुग्धव्यवसायातील नोकऱ्यांच्या वेगवेगळ्या वाटा

संकरित गाय व्याल्यानंतर साधारण सत्तराव्या दिवशी माजावर येते. कृत्रिम रेतन होते आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा माज दाखवते. दुधाच्या पट्ट्यात याला ‘गाय उलटली’ असे म्हणतात. एकदा उलटली तर पशुपालक फारसे मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा उलटली तर तो रेतन करणाऱ्याला बोल लावतो. तिसऱ्यांदा उलटल्यावर मात्र त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की आता बोलवायचे कोणाला? गावात पिशवी घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला ‘डॉक्टर’ म्हणण्याची पद्धत असल्याने हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. त्या गोठ्यात येणाऱ्या माणसांची शिक्षणे वेगळी असतात, कायद्याने आखलेल्या मर्यादा वेगळ्या असतात आणि नोकरीच्या वाटाही वेगळ्या असतात.

दहावी-बारावीनंतर पशुसंवर्धनाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींची गफलत नेमकी येथेच होते. पदविका, प्रमाणपत्र आणि पदवी ही एकाच जिन्याची पायरी-पायरीने चढत जाणारी रूपे आहेत, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. पदविकाधारकाला केवळ अनुभवाच्या बळावर पशुवैद्यक होता येत नाही आणि जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्याला दुग्धतंत्रज्ञानाचे दार बहुधा बंद असते. म्हणून ही क्षेत्रे समजून घेण्यासाठी त्या उलटणाऱ्या गाईचाच माग काढणे सोयीचे ठरते.

गोठ्यात सर्वांत आधी येतो तो कृत्रिम रेतन सेवक. राष्ट्रीय गोकुळ अभियानाखाली अशा ग्रामीण तरुणांना ‘मैत्री’ या नावाने साधारण तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. त्याशिवाय सहकारी दूध संघ आणि काही स्वयंसेवी संस्थाही स्वतःचे सेवक तयार करतात. या माणसाचे सारे भांडवल म्हणजे एक नत्रपात्र. त्यातील द्रवरूप नत्राचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते आणि त्यात पाव मिलिलिटरच्या बारीक कांड्यांमध्ये वळूचे गोठवलेले वीर्य साठवलेले असते. कांडी बाहेर काढल्यानंतर ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे तीस सेकंद धरायची, पुसून कोरडी करायची, टोक कापून रेतननळीत बसवायची आणि गाईच्या गर्भाशयमुखातून पार करून गर्भाशयाच्या सुरुवातीलाच वीर्य सोडायचे, असे हे काम आहे. वर्णन करायला सोपे, पण हाताला सवय व्हायला महिने लागतात.

यात चुका होतात त्या बहुतेक न दिसणाऱ्या जागी. नत्राची पातळी खाली गेली आणि ती वेळीच पट्टीने मोजली गेली नाही, तर कांड्या बाहेरून जशाच्या तशा दिसतात, पण आतील शुक्राणू मेलेले असतात. हवी ती कांडी शोधताना संपूर्ण डबी पात्राच्या तोंडाबाहेर काढून निवांत निवड करत बसले, तर काही सेकंदांतच उरलेल्या कांड्यांचेही नुकसान होते. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्याऐवजी कांडी तळहातात चोळून वितळवण्याची सवय तर अनेकांना असते. वेळेचे गणितही असेच निसटते. गाय सकाळी माजावर दिसली तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा साधा नियम आहे. कारण अंडे माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटते. सेवक मात्र आपल्या फेरीच्या सोयीने येतो, पशुपालकही ‘आलाच आहात तर करून टाका’ म्हणतो आणि रेतन बारा तास आधी उरकले जाते.

सगळे नीट पार पडले तरी एका रेतनात गाय गाभण राहण्याचे प्रमाण आपल्याकडील गोठ्यांत शंभरात पस्तीसच्या आसपासच धरले जाते. त्यामुळे एकदा उलटणे म्हणजे कोणाची तरी चूकच, असे मानता येत नाही. चांगला सेवक ओळखायचा तो त्याच्या वहीवरून. कोणत्या गाईला, कोणत्या तारखेला, कोणत्या वळूची कांडी वापरली, ती उलटली की गाभण राहिली, हे ज्याच्याकडे लिहिलेले असते त्याचे काम टिकते. त्याची मिळकत प्रत्येक रेतनामागे मिळणाऱ्या पैशांवर अवलंबून असते. म्हणून पाच-सात गावांत पुरेशी संकरित जनावरे असतील तरच हा पूर्णवेळ उदरनिर्वाह होऊ शकतो. विरळ पशुधनाच्या भागात तो जोडधंदाच राहतो. प्रशिक्षणाच्या जाहिरातींत हा फरक सांगितला जात नाही.

आता गाईकडे परत येऊ. समजा, संगमनेर परिसरातील एका गोठ्यातील गाय सत्तराव्या, एक्क्याण्णवाव्या आणि एकशे बाराव्या दिवशी भरवली गेली आणि एकशे तेहतिसाव्या दिवशी पुन्हा माजावर आली. नियमित माज दाखवूनही तीन किंवा अधिक रेतनांत गाभण न राहणाऱ्या जनावराला पशुवैद्यकशास्त्रात वारंवार उलटणारे जनावर म्हणतात. येथून पुढचे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आहे आणि ते गाईला हात लावण्याआधी, वही पाहण्यापासून सुरू होते.

तीनही वेळा अंतर एकवीस दिवसांचे आहे, म्हणजे ऋतुचक्र नियमित आहे. याचा अर्थ, एक तर फलन झालेच नाही किंवा फलन होऊन गर्भ अगदी सुरुवातीच्या दिवसांतच गेला. हेच अंतर पस्तीस-चाळीस दिवसांचे आणि अनियमित असते तर गर्भ काही काळ राहून नंतर नष्ट झाला, किंवा मधला एक माज कोणाच्या लक्षातच आला नाही, अशी शंका घ्यावी लागली असती. दुसरा प्रश्न आजूबाजूच्या गोठ्यांचा. त्याच सेवकाने त्याच महिन्यात भरवलेल्या अनेक गाई उलटल्या असतील तर संशय नत्रपात्रावर किंवा त्याच्या हातावर जातो. बाकीच्या गाभण राहून हीच एक उलटत असेल तर कारण गाईत शोधावे लागते. समजा, येथे ही एकच गाय उलटत आहे.

मग तपासणी होते ती बळसाची. निरोगी गाईचा माजाचा बळस काचेसारखा पारदर्शक आणि लोंबणारा असतो. या गाईचा बळस गढूळ आहे आणि त्यात पांढरे कण दिसतात. मागच्या वेतात वार अडकली होती आणि ती हाताने ओढून काढली होती, हे पशुपालकाला आता आठवते. गुदद्वारातून हात घालून गर्भाशय आणि अंडाशय चाचपले जातात, बळसाचा नमुना घेतला जातो आणि निदान होते ते गर्भाशयाच्या आतील अस्तराला आलेल्या सुजेचे. प्रयोगशाळेची सोय असेल तर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे आधी तपासले जाते. उपचार केले जातात आणि एकशे तेहतिसाव्या दिवसाचा माज मुद्दाम सोडून दिला जातो. एकशे चौपन्नाव्या दिवशी बळस स्वच्छ येतो आणि त्या संध्याकाळी रेतन होते. एकशे पंचाहत्तरावा दिवस माजाशिवाय जातो. पुढे रेतनापासून साठ दिवस उलटल्यावर हाताने तपासणी करून गाय गाभण असल्याची खात्री केली जाते. सोनोग्राफी यंत्र असेल तर ही खात्री महिन्याभरातच होते.

पहिल्याच रेतनात गाभण राहिली असती तर २८० दिवसांचा गर्भकाळ धरून ही गाय मागच्या वेतापासून ३५० व्या दिवशी व्याली असती. आता ती ४३४ व्या दिवशी वेणार, म्हणजे ८४ दिवस लांबले. या लांबलेल्या दिवसांचा चारा-खुराक आणि कमी झालेले दूध मिळून दिवसाला केवळ दीडशे रुपयांचा तोटा धरला, तरी एका गाईमागे १२,६०० रुपये होतात. पशुवैद्यकाचे शुल्क महाग की स्वस्त, याचा हिशेब पशुपालक याच आकड्याशी ताडून करतो. मोठ्या जनावरांच्या खासगी व्यवसायाचे अर्थकारण त्यावरच उभे आहे.

कायद्याची रेषा नेमकी येथेच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करणे, शासकीय पशुवैद्यकाचे पद धारण करणे, कायद्याने लागणाऱ्या पशुवैद्यकीय प्रमाणपत्रांवर सही करणे आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे, हे अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहेत. याच कलमात एक सवलत आहे. राज्य सरकार आदेश काढून पदविका वा प्रमाणपत्रधारकांना किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि प्राथमिक उपचार अशा स्वरूपाच्या या सेवा असतात, पण त्यांनाही अट आहे, ती नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीची. वरच्या उदाहरणात कृत्रिम रेतन सेवकाने गढूळ बळस पाहून ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. त्याने स्वतःच गर्भाशयात औषध सोडले असते तर ती मर्यादा ओलांडली गेली असती. खेड्यांत ती रोज ओलांडली जाते, हेही खरे. त्याला पशुवैद्यकांची अपुरी संख्या कारणीभूत आहे, पण प्रतिजैविकांचा निम्माअर्धा वापर झालेल्या गाई शेवटी पशुवैद्यकाकडेच येतात आणि तेव्हा उपचार अवघड झालेले असतात.

पशुवैद्यक होण्याचा मार्ग एकच आहे. ‘बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.’ ही पदवी साडेपाच वर्षांची असून त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, तर महाराष्ट्रात प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. येथे दरवर्षी काही विद्यार्थी एका साध्या गैरसमजापायी संधी गमावतात. ‘नीट’ दिली म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या फेरीतच पशुवैद्यकाच्या जागाही येतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक महाविद्यालयातील पंधरा टक्के अखिल भारतीय जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि राज्याच्या जागांसाठी राज्याच्या यंत्रणेकडे वेगळा. महाराष्ट्रात ही प्रक्रिया नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ राबवते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये याच विद्यापीठाची आहेत. त्यांतील परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे.

राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. राज्याच्या जागा अधिवासावर ठरतात, मातृभाषेवर नाही. इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याला महूचे महाविद्यालय राज्याच्या कोट्यातून मिळू शकते आणि बडोद्याच्या विद्यार्थ्याला आणंदचे. त्यांच्यासाठी मुंबई किंवा शिरवळची वाट मात्र मुख्यतः अखिल भारतीय जागांतूनच जाते. गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नसल्याने तेथील विद्यार्थी इतर राज्यांतील जागांवर अवलंबून असतात. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक हाती आल्याशिवाय ना दवाखाना उघडता येतो, ना बहुतेक शासकीय पदांसाठी अर्ज करता येतो.

शासकीय नोकरी हे या पदवीचे आजही सर्वांत मोठे आकर्षण आहे. महाराष्ट्रात पशुधन विकास अधिकारी, गट-अ हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. आयोगाने २०२५ मध्ये या पदाच्या २,७९५ जागांची एकत्रित जाहिरात काढली. अशी मोठी भरती दरवर्षी होत नाही. दोन जाहिरातींमध्ये अनेक वर्षांचे अंतर पडते आणि त्या काळात नवपदवीधर कंत्राटी कामांकडे वळतात. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यावर दाराशी येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके हे असेच एक ठिकाण. एक पशुवैद्यक, एक सहायक आणि एक चालक अशी त्यांची रचना असते आणि एक लाख पशुधनामागे एक पथक असे केंद्राचे सूत्र आहे. तेथे नेमणुका अनेक ठिकाणी कंत्राटी असतात, पगार गट-अ अधिकाऱ्याच्या जवळपासही नसतो, परंतु दोन वर्षांत हाताखालून जितकी जनावरे जातात तितकी महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाच वर्षांत पाहायला मिळत नाहीत.

राज्य सेवेबाहेरही दारे आहेत. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये पशुवैद्यक पदवीधर अल्पमुदतीच्या सेवेत कॅप्टन म्हणून दाखल होतात आणि घोडे, खेचरे व श्वानपथके यांची जबाबदारी सांभाळतात. सरकारी बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी या पदासाठी कृषी पदवीधरांबरोबरच पशुवैद्यक आणि दुग्धशास्त्राचे पदवीधरही पात्र असतात. हे अनेकांना अंतिम वर्षापर्यंत माहीतही नसते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही ही पदवी चालते. संशोधनाकडे जायचे तर पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरते आणि त्यासाठी बरेलीजवळील इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था हे देशातील प्रमुख केंद्र आहे. ही संस्था १८८९ मध्ये सुरू झाली ती पुण्यात, हे मराठी वाचकांना ठाऊक असतेच असे नाही.

पदविकाधारकासाठी सार्वजनिक क्षेत्रातील मुख्य पद म्हणजे जिल्हा परिषदेतील किंवा पशुसंवर्धन विभागातील पशुधन पर्यवेक्षक. ते गट-क मधील आहे. पदविकेचा कालावधी आणि प्रवेशाची पात्रता राज्याराज्यांत वेगळी असून ती बदलतही आली आहे. म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीच्या माहितीपत्रकात एकच गोष्ट शोधावी, ती म्हणजे या पदविकेला आपल्या राज्याच्या सेवाप्रवेश नियमांत मान्यता आहे का. गल्लोगल्ली निघालेल्या ‘व्हेटर्नरी असिस्टंट’ अभ्यासक्रमांपैकी अनेकांबाबत याचे उत्तर मिळत नाही.

खासगी व्यवसायाचे दोन चेहरे आहेत. शहरात कुत्री आणि मांजरे, गावात गाई आणि म्हशी. पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याला जागेचे भाडे, क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि भूल देण्याची साधने यांत मोठी गुंतवणूक लागते. त्यामुळे बहुतेक नवपदवीधर आधी एखाद्या चालत्या रुग्णालयात दोन-तीन वर्षे काढतात. काही जण शल्यचिकित्सा किंवा औषधशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेऊनच स्वतंत्र होतात. ग्रामीण व्यवसायाला मोटारसायकल, औषधांची पेटी आणि लांब हातमोजे पुरतात, पण रात्री दोन वाजता अडलेल्या म्हशीसाठी निघावे लागते आणि उधारी हा व्यवसायाचा भाग म्हणून स्वीकारावा लागतो.

दोन्हीकडे जोखीम असते ती संसर्गाची. श्वानदंशाची भीती धरून पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना रेबीजची लस आधीच घ्यायला सांगितले जाते. सांसर्गिक गर्भपात म्हणजेच ब्रुसेलोसिस मात्र कमी लक्षात येतो. शेवटच्या महिन्यांत गाय गाभडली किंवा वार अडकली की उघड्या हाताने आत हात घालणाऱ्या पशुवैद्यकाला आणि सेवकालाही त्याची बाधा होऊ शकते. चढउतार होणारा ताप, रात्री घाम, सांधेदुखी अशी लक्षणे महिनोन्‌महिने राहतात आणि रुग्णाने आपला व्यवसाय सांगितला नाही तर माणसांच्या डॉक्टरलाही निदान सुचत नाही. गोठ्याच्या पातळीवर चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच द्यायची लस हा त्यावरचा उपाय आहे. ही लस स्वतः जिवंत जंतूंची असल्याने ती टोचतानाही हातमोजे आणि चष्मा वापरावा लागतो.

उलटणाऱ्या गाईची गोष्ट दुधापाशीही पोचते. तिला दिलेली बहुतेक प्रतिजैविके काही दिवस दुधात उतरतात. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वेगळे ठेवायचे ते लिहिलेले असते. पशुपालकाने ते न पाळता दूध संकलन केंद्रावर घातले तर स्निग्धांश मोजणाऱ्या यंत्राला काहीच कळत नाही. बिघाड दिसतो तो डेअरीत, दह्याच्या टाकीपाशी. विरजण घातले, तापमान योग्य ठेवले, तरी आम्लता वाढत नाही आणि दही लागत नाही. प्रतिजैविकाने विरजणातील जिवाणूच मारलेले असतात. मग कोणत्या टँकरचे, कोणत्या संकलन केंद्राचे दूध होते, हे राखून ठेवलेल्या नमुन्यांवरून मागे मागे शोधत जाणे आणि पुढच्या वेळी टँकर रिकामा करण्याआधीच चाचणीपट्टीने दूध तपासण्याची शिस्त लावणे, हे काम दुग्धतंत्रज्ञाचे आहे.

दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक. पदवी चार वर्षांची आहे. ती मुळात अभियांत्रिकीची शाखा असल्याने बारावीला गणित लागते. केवळ जीवशास्त्र घेतलेल्यांची वाट येथे अडते. महाराष्ट्रात वरुड (पुसद) आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत, तर देशात कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था अग्रगण्य मानली जाते. तेथील पदवी प्रवेश ‘सीयूईटी’ परीक्षेतून होतात. पदवीधरांना सहकारी संघ, खासगी डेअऱ्या, आइस्क्रीम आणि चीजचे कारखाने, यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपन्या येथे कामे मिळतात. सुरुवात बहुधा उत्पादन विभागातील पाळीच्या कामापासून होते, आणि पाळी रात्रीचीही असते. अन्नसुरक्षा अधिकारी या शासकीय पदासाठीही ही पदवी पात्र धरली जाते. संकलन, विपणन आणि सहकाराचे व्यवस्थापन यांत रस असणाऱ्यांसाठी आणंदची ‘इर्मा’ ही १९७९ पासूनची संस्था आहे. २०२५ मधील कायद्याने ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली.

नोकरीऐवजी स्वतःचे पशुधन उभारणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पशुधन अभियानातील उद्योजकता योजना सध्या सर्वाधिक चर्चेत असते. शेळी-मेंढीपालन, गावठी कुक्कुटपालन, वराहपालन आणि चारानिर्मिती यांसाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान मिळते. शंभर शेळ्या आणि पाच बोकड अशा गटासाठी त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. दुभत्या गाई-म्हशी या योजनेत बसत नाहीत, तरीही त्यासाठीच चौकशी करायला येणारे पुष्कळ असतात. दुसरा घोटाळा पैशांच्या क्रमाचा. अनुदान आधी हातात पडत नाही. बँकेचे कर्ज किंवा स्वतःचे भांडवल आधी लावावे लागते आणि प्रगतीची पाहणी होऊन अनुदान दोन हप्त्यांत येते. वीस लाखांच्या प्रकल्पात पहिले वर्ष हे कर्जाचे हप्ते, चारा आणि मरतुक यांचेच असते. विक्रीयोग्य बोकड तयार व्हायला वेळ लागतो. चाऱ्यासाठी पाण्याखालची जमीन हाताशी नसेल तर शंभर शेळ्यांचा गट बाजारातील चाऱ्यावर पोसणे परवडत नाही. बँकेचा अधिकारी प्रकल्प अहवालात हे पान सर्वांत आधी उघडतो आणि तो अधिकारी अनेकदा पशुवैद्यक पदवीधरच असतो.

संगमनेरच्या त्या गाईच्या पशुपालकाने पुढे तिचा विमा उतरवायचे ठरवले तर विमा कंपनी तिच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक मागेल आणि सोबत आरोग्याचा दाखला. रेतन सेवकाने गाईला वर्षभर पाहिलेले असेल, पर्यवेक्षकाने तिला लस टोचलेली असेल, तरी त्या दाखल्याखाली सही आणि नोंदणी क्रमांक पशुवैद्यकाचाच लागेल.